राजीनाम्याचे सहा मसुदे

नोकरीतून बाहेर पडताना माणूस जे पत्र देतो, त्यात त्याच्याबद्दल फारसं काही नसतं. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, नोटिशीची मुदत पूर्ण करीन, आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहे. तीन वाक्यं, खाली सही. पंचवीस वर्षं काढलेला माणूसही हेच लिहितो आणि पाच महिन्यांत कंटाळलेलाही हेच. पत्र असं कोरडं ठेवण्यात शहाणपण आहे, कारण ते फायलीला लागतं आणि पुढे कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

पण हे पत्र लिहिण्याआधी बहुतेकांनी दुसरी काही पत्रं लिहिलेली असतात. एखादं रागाचं, एखादं लांबलचक खुलाशाचं, एखादं साहेबांच्या मनाला लागावं म्हणून नेमक्या शब्दांत घडवलेलं. ती पाठवली जात नाहीत. कथाकाराला हवी असतात ती नेमकी हीच. एकाच माणसाने एकाच राजीनाम्याचे केलेले मसुदे ओळीने मांडायचे, मध्ये निवेदकाचं एकही वाक्य घालायचं नाही, आणि शेवटच्या मसुद्यात असा निर्णय आणायचा की वाचक चमकेल: कथेचा हा घाट मला फार आवडतो. तो दिसतो सोपा, पण त्याची स्वतःची शिस्त आहे. ती समजावून सांगण्यासाठी या लेखापुरती रचलेली एक कथा तुमच्यासमोर उलगडतो.

त्याआधी या घाटाच्या कुळाबद्दल थोडं. पत्रातून कथा सांगणं जुनं आहे. आपल्या देशातलं त्याचं एक अव्वल उदाहरण म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांची 1914 सालची ‘स्त्रीर पत्र’ ही बंगाली कथा. मृणाल नावाची बाई लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर जगन्नाथपुरीहून नवऱ्याला पहिल्यांदाच पत्र लिहिते, आणि ते पत्र संपतं तेव्हा ती त्या घरात परतणार नाही हे ठरलेलं असतं. संसाराचा राजीनामाच तो. पण मृणालचं मन पत्र लिहायला बसण्याआधीच ठरलेलं आहे, म्हणून तिला एकच पत्र पुरतं. घाटाचा दुसरा पूर्वज फ्रेंच लेखक रेमों क्नो याचा. 1947 साली त्याने बसमधली एक किरकोळ कुरबूर नव्याण्णव वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून दाखवली. तिथे घटना जागची हलत नाही, सांगण्याची तऱ्हा तेवढी बदलते. मसुद्यांची कथा या दोघांच्या मधोमध उभी आहे. पत्र पुन्हा पुन्हा लिहिलं जातं आणि प्रत्येक वेळी लिहिणारा माणूस थोडा सरकतो.

आता कथेकडे. पहिला प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे: हे मसुदे उरले कसे? आज बहुतेक जण ईमेल लिहितात. ईमेलमध्ये तुम्ही मजकूर बदलला की जुना मजकूर जातो, मसुदा म्हणून शेवटचंच रूप जपलं जातं. व्हॉट्सॲपवरही तेच. मग वाचकाच्या हाती सहा मसुदे आले कुठून, याचं उत्तर कथेच्या पोटातच असावं लागतं. ते नसेल तर वाचकाला लेखकाचा हात दिसत राहतो.

मला हे उत्तर माझ्या पात्राच्या कामात सापडलं. वैशाली नाशिकच्या सातपूर भागातल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. औषध कारखान्यांत नोंदी कशा ठेवायच्या याचे नियम कडक असतात. नोंदवहीत पेन्सिल चालत नाही, व्हाइटनर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, बदलाचं कारण, सही आणि तारीख. तपासणीला आलेला अधिकारी आधी खाडाखोडच बघतो, कारण चूक झाली यापेक्षा ती लपवली का हे त्याला जाणून घ्यायचं असतं. जी बाई रोज आठ तास असं लिहिते, ती घरच्या लाँगबुकातही तसंच खोडणार. ओळ दिसत राहणार आणि शेजारी खोडण्याचं कारण येणार.

कथेला याहून मोठी भेट मिळाली नसती. एरवी मसुद्यांच्या कथेत वाचकाला दोन मसुदे शेजारी ठेवून काय गळलं ते शोधावं लागतं. इथे गळलेली ओळ समोर आहे, वर ती का गाळली हेही वैशालीच सांगते. कंपनीला जाणारं पत्र इंग्रजीत असेल, पण कच्चं ती मराठीत लिहिते. तारखेखालचं हे पहिलं पान:

*12 जून*
*मा. महोदया,*
*वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नोटिशीचे दोन महिने पूर्ण करीन. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.*
*खोडलं: ‘वैयक्तिक’. कारण: कारण माझ्या एकटीचं नाही. – वै.*

पहिला मसुदा असाच सपक असायला हवा. वाचकाला नमुना कळला पाहिजे, म्हणजे पुढे तो कुठे मोडतो हे त्याच्या लक्षात येईल. नवे लेखक इथे घाई करतात आणि पहिल्याच मसुद्यात सगळं दुःख ओततात. मग दुसऱ्या मसुद्याला जायला जागा उरत नाही. इथे फक्त एक शब्द खोडला गेला आहे, पण त्यामुळे दुसरा मसुदा लिहिणं वैशालीला भाग पडलं. मसुदा बदलायला प्रत्येक वेळी असं ठोस निमित्त लागतं.

*14 जून*
*मा. महोदया,*
*माझ्या सासूबाईंना एप्रिलमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे, बोलणंही गेलं आहे. अंथरुणाला पाठ लागून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दुपारची गोळी अडीचला. दिवसाला ठेवलेल्या दोन बायका आठवड्याच्या आत सोडून गेल्या, कारण त्यांना उचलणं झेपत नाही. मलाही एकटीला झेपत नाही, रात्री नितीन उचलतो. घरात कुणीतरी पूर्ण वेळ असणं आवश्यक असल्यामुळे मी राजीनामा देत आहे.*
*खोडलं: ‘मलाही’पासून ‘उचलतो’पर्यंत. कारण: कंपनीला याची गरज नाही.*

मसुदा आणि डायरी यांतला फरक इथे दिसतो. डायरीत माणूस कुणालाच बोलत नसतो, म्हणून तो सगळंच सांगू शकतो. मसुद्याला समोर वाचणारा आहे, इथे मनुष्यबळ विभागातल्या मॅडम. त्यांना काय सांगायचं आणि काय नाही, याचा लिहिणारीला सतत विचार करावा लागतो. तिला अनावश्यक वाटून तिने खोडलेली ओळ आपल्याला मात्र सगळ्यात आवश्यक असू शकते. वैशालीने दिलेलं कारण प्रामाणिक आहे, कंपनीला खरंच त्या ओळीची गरज नाही. पण पहिल्या वाचनात तुम्ही ती ओळ बाईच्या दमलेपणाची खूण म्हणून वाचली असणार. तसंच वाचावं अशी माझी इच्छा आहे.

चार दिवसांनी तिसरा मसुदा येतो. रविवारी घरात बैठक झालेली आहे. धाकटे दीर पुण्याहून येऊन गेले आहेत. ते आपल्याला थेट कळत नाही, कारण निवेदक नाही. पत्राच्या सुरातून आणि आकड्यांतून कळतं.

*18 जून*
*मा. महोदया,*
*आज माझी सेवा 4 वर्षं 3 महिने झाली. नोटीस धरून 4 वर्षं 5 महिने होतील. ग्रॅच्युइटी: शून्य. मार्चपर्यंत थांबले असते तर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 31,200, भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 18,000. पाच वर्षांचे 90,000. भाऊजी म्हणाले, वहिनींचा स्वभावच सेवेचा आहे. नितीन म्हणाला, तुझी नोकरी तशी नवीनच आहे, माझी एकोणीस वर्षांची आहे.*
*खोडलं: सगळं. कारण: हे पत्र महोदयांना नाही.*

हे गणित खोटं चालत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ग्रॅच्युइटी म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालकाने द्यायची रक्कम. 1972 च्या कायद्याने तिचा हिशेब ठरवून दिला: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, आणि जितकी वर्षं सेवा तितकी पट करायची. महिन्याचे कामाचे दिवस 26 धरायचे आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा, असा त्याचा अर्थ. कायम नोकरीत सर्वसाधारणपणे सलग 5 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हा हक्क लागू होत नाही. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ही अट नसते. म्हणजे वैशाली आत्ता गेली तर तिला काही मिळत नाही, हे खरं आहे.

कथेत असे आकडे आणताना दोन धोके असतात. एक म्हणजे आकडा चुकणं. एखादा वाचक हमखास लेखा विभागातला निघतो, आणि त्याला चूक दिसली की त्याच्यापुरती कथा तिथेच संपते. दुसरा धोका असा की आकडे माहिती म्हणून येतात आणि मधेच अडकून बसतात. इथे ते रागाच्या जागी आले आहेत. वैशाली आरडाओरडा करणारी बाई नाही. ती भांडली तर भागाकार करून भांडेल. आणि नितीनचं वाक्य बघा. एकोणीस वर्षांची नोकरी सोडायची नसते, या अर्थाने तो ते बोलला आहे. वाचकही त्याच अर्थाने ऐकतो. कथेचा सगळा उलटफेर या वाक्यात बसलेला आहे, फक्त तो अजून कुणाला दिसलेला नाही, वैशालीलासुद्धा.

या टप्प्यावर वाचकाने अंदाज बांधायला सुरुवात केलेली असते. शीर्षकात राजीनामा आहे, मसुद्यामागून मसुदा येतो आहे, म्हणजे एक तर ती राजीनामा देणार किंवा शेवटी कागद फाडून टाकणार. हे दोन शेवट इतके जवळ पडले आहेत की त्यांतला कुठलाही घेतला तरी वाचक चमकत नाही. कागद फाडण्याचा शेवट विशेष फसवा. लिहिताना तो धाडसी वाटतो, पण त्यात प्रश्न सुटत नाही. आईंची दर दोन तासांची कूस कोण बदलणार, हे तसंच राहतं. निर्णय आश्चर्याचा हवा, पण त्याने आधीच्या पानांवर मांडलेली अडचण खरोखर हाताळली पाहिजे.

यावरून एका खऱ्या राजीनाम्याची गोष्ट आठवते, कारण राजीनामा दिला म्हणजे तो संपला, असं कायद्यातही नेहमी नसतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी 7 मे 1977 रोजी राष्ट्रपतींना राजीनाम्याचं पत्र लिहिलं, आणि तो 1 ऑगस्टपासून लागू व्हावा असं त्यात म्हटलं. मग 15 जुलैला दुसरं पत्र लिहून त्यांनी पहिलं मागे घेतलं. असं मागे घेता येतं का, यावर वाद झाला. उच्च न्यायालयाने नाही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली बहुमताने तो निकाल फिरवला: पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो. दोन पत्रं, मध्ये जवळपास दहा आठवडे, आणि त्या काळात काय घडलं असेल याबद्दल वाचणाऱ्याच्या मनात उभी राहणारी मोकळी जागा. कथाकाराने या खटल्यातून एक गोष्ट उचलावी. दोन कागदांमधलं अंतरही कथेचा भाग असतं, म्हणून मसुद्यांवरच्या तारखा विचार करून घालाव्यात. माझ्या कथेत तिसऱ्या आणि चौथ्या मसुद्यात नऊ दिवस जातात. त्या दिवसांत वैशालीने काहीच लिहिलं नाही, आणि ती रोज कामाला जात होती.

*27 जून*
*मा. महोदया, राजीनाम्यासोबत चार्जची यादी देत आहे.*
*1. स्टॅबिलिटीचे बारा महिन्यांचे नमुने पुढच्या महिन्यात काढायचे आहेत. नोंद वहीत आहे, तरी कपाटावर चिठ्ठी लावली आहे.*
*2. एचपीएलसी क्रमांक 3 चा पंप सकाळी पहिला अर्धा तास दाब स्थिर ठेवत नाही. घाई करून पहिलं इंजेक्शन देऊ नये, आकडे वाकडे येतात आणि दोष नमुन्याचा वाटतो.*
*3. नवीन मुलगी चांगली आहे, पण प्रश्न विचारायला लाजते. तिला आपणहून विचारावं.*
*4. आईंना नितीनने भरवलं तर त्या तोंड मिटून घेत नाहीत. माझ्याकडून चार घास जातात, त्याच्याकडून वाटी संपते.*
*खोडलं: क्रमांक 4. कारण: चुकीच्या यादीत आलं.*

एचपीएलसी हे औषधात कोणता घटक किती आहे ते मोजणारं यंत्र. द्रावण त्यातून जोरदार दाबाने ढकललं जातं, आणि दाब हलला की घटक बाहेर पडण्याची वेळ हलते. स्टॅबिलिटीचे नमुने म्हणजे ठरावीक तापमानाला आणि दमटपणात ठेवून महिन्यांनी तपासायच्या गोळ्या, ज्यांवरून औषधाची मुदत ठरते. वाचकाला हे सगळं कळलंच पाहिजे असं नाही. त्याला एवढं कळावं की या बाईला आपल्या यंत्राच्या सवयी माहीत आहेत आणि आपल्यामागून येणाऱ्या मुलीची काळजी आहे. ‘मला माझं काम फार आवडतं’ हे वाक्य कथेत कुठेही नाही आणि असूही नये. काम आवडणारा माणूस चार्जची यादी कशी लिहितो, ते इथे आहे.

चौथा मुद्दा मुद्दाम यादीच्या तळाशी ठेवला आहे. तीन महत्त्वाच्या वाटणाऱ्या नोंदींनंतर आलेली नोंद वाचक हळवा तपशील म्हणून ओलांडतो. खरं म्हणजे दुसऱ्या मसुद्यातलं उचलणं, तिसऱ्यातली एकोणीस वर्षं आणि इथली वाटी या तीन गोष्टी आता एका रांगेत आल्या आहेत. तिन्ही वैशालीने खोडल्या आहेत, आणि तिन्ही वेळा कारण सारखंच आहे: हे इथे नको. मसुद्यांच्या कथेत शेवटाची तयारी करायची ती अशी. जे सांगायचं ते पात्राकडूनच बाजूला ठेवलं जातं. निवेदक असलेल्या कथेत लेखक सूचना पेरतो तेव्हा चाणाक्ष वाचकाला त्याची चाहूल लागते. इथे पात्र स्वतःच्या लेखी अनावश्यक गोष्ट काढून टाकतं, आणि वाचक तिच्यावर विश्वास ठेवून तीच गोष्ट मनातून काढून टाकतो.

पाचवा मसुदा 29 जूनचा. तो पहिल्यासारखाच तीन वाक्यांचा, फक्त ‘वैयक्तिक’च्या जागी ‘कौटुंबिक’ असलेला. एकही खाडाखोड नाही. खाली ‘उद्या टाइप करणे’ अशी नोंद. मसुदा स्वच्छ झाला म्हणजे मन ठरलं, असं आपण धरून चालतो. हा मसुदा छोटा ठेवणं आवश्यक असतं, कारण एव्हाना वाचकाला पत्राचा सांगाडा पाठ झालेला असतो आणि तो पुन्हा पूर्ण वाचायला लावला तर तो कंटाळतो. अशा कथा बहुधा इथेच पडतात: पाच मसुदे, पाचही सारख्या लांबीचे, पाचांतही सारखीच ओळख आणि सारखाच समारोप. माझा अंदाज असा की चारपेक्षा जास्त पूर्ण मसुदे छोट्या कथेला झेपत नाहीत, बाकीचे दोन-तीन ओळींत उरकावे लागतात.

आणि मग सहावा. लाँगबुकात नवं पान.

*30 जून*
*मा. महोदय,*
*माझ्या आईला एप्रिलमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. तिची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि तिला उचलणं घरात मलाच नीट जमतं. माझ्या हातून ती पूर्ण जेवते. घरात कुणीतरी पूर्ण वेळ असणं आवश्यक असल्यामुळे मी स्टोअर्स विभागातल्या माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. माझी सेवा 19 वर्षांची आहे. 26,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 19, म्हणजे 2,85,000 रुपये ग्रॅच्युइटी नियमाप्रमाणे मिळावी. नोटिशीची मुदत पूर्ण करीन.*
*आपला,*
*(सही बाकी)*

*नितीन, हा कच्चा आहे. तुझ्या शब्दांत कर. एखादं वाक्य पटलं नाही तर खोड, पण एकाच रेघेने, आणि शेजारी कारण लिही.*

‘महोदया’ऐवजी ‘महोदय’ आलं तेव्हा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘सासूबाईंना’ऐवजी ‘माझ्या आईला’ आलं की डोळे थबकतात. ‘स्टोअर्स’ वाचलं की मागची पानं उलटावीशी वाटतात. उलगडा असा पायरीपायरीने व्हावा म्हणून पत्रावर सुरुवातीला नाव घातलेलं नाही. लिहिणारा कोण हे पत्रात शेवटी सहीशी कळतं, आणि मराठी पत्राची ही रीत इथे आयतीच उपयोगी पडली.

या शेवटाने आधीचं काय काय वापरलं ते पाहा. बैठकीत नितीनने जे कारण स्वतःच्या बाजूने दिलं, तेच आता दुसऱ्या बाजूने उभं आहे. एकोणीस वर्षांची ग्रॅच्युइटी त्याची होऊन बसलेली आहे, ती उद्या गेला तरी मिळते. वैशालीची मार्चमध्ये व्हायची आहे. दोघांच्या आकड्यांवरून हेही कळतं की तिचा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे, जे कथेत कुणीच मोठ्याने बोललेलं नाही. आई त्याच्याच हातून जेवतात, त्याच्याच आधाराने वळतात. यातलं काहीही शेवटच्या पानावर नव्याने आणलेलं नाही. लबाडी झाली की नाही हे तपासायची माझी कसोटी हीच आहे: शेवटचं पान झाकून आधीच्या पानांवरून हा निर्णय काढता येतो का? काढता आला पाहिजे, मात्र पहिल्या वाचनात कुणाला सुचता कामा नये.

इथे एक मोह टाळावा लागतो. नितीनचं उत्तर दाखवण्याचा. तो हो म्हणाला असं सातवं पान जोडलं तर कथा गोड होते आणि तिच्यातलं घर खोटं वाटू लागतं. तो नाही म्हणाला असं दाखवलं तर वैशालीचा निर्णय वाया गेल्यासारखा होतो, आणि कथा त्याच्याबद्दलची होऊन बसते. निर्णय तिचा आहे, तो तिच्या बाजूने पूर्ण झाला आहे. तिने भांडण केलेलं नाही, मागणीही केलेली नाही. घरात जो तर्क चालला होता तोच तिने शेवटपर्यंत नेला आणि नीट टाचण करून ज्याचा होता त्याच्यापुढे ठेवला. खोडायचं असेल तर कारण लिही, एवढीच तिची अट आहे. बैठकीत तिच्याबद्दल जे ठरलं, त्याचं कारण कुणी लिहून दिलं नव्हतं.

या घाटाची एक मर्यादा मात्र मला सलत राहते. मसुद्यांच्या कथेत फक्त लिहू शकणाऱ्याचा आवाज येतो. नितीनची बाजू आपल्याला वैशालीने टिपलेल्या एका वाक्यापुरती मिळते, आणि रोज रात्री झोपमोड करून आईला वळवणारा माणूस एवढ्या एका वाक्याचा नसतो. आईंची बाजू तर येतच नाही. उजवा हात आणि वाचा दोन्ही गेल्याने त्यांना मसुदा करता येत नाही. त्यांच्याबद्दल कळतं ते वाटी संपली की नाही एवढंच. वैशालीने ती वाटी खोडली नसती आणि तिच्यापाशी जरा थांबली असती, तर कदाचित तिला तिसऱ्याच माणसाची इच्छा ऐकू आली असती. मी ती कथा मसुद्यांत लिहू शकलो नाही. ती लिहायची तर आईंच्या खाटेपाशी बसलेला निवेदक लागेल, त्याला त्यांच्या डाव्या हाताच्या खुणा वाचता याव्या लागतील, आणि त्या घरात राजीनाम्याचं पत्र हा फार तर कोपऱ्यात पडलेला एक कागद असेल.